फोटोत टेबल, बॉक्समध्ये नुसतं मशीन: विक्रेत्याला तक्रारपत्र कसं लिहावं

प्रश्न: ऑनलाइन बाजारपेठेवरून छोटं इलेक्ट्रिक शिलाई मशीन ६,४९९ रुपयांना घेतलं. फोटोत मशीनला जोडलेलं एक्स्टेन्शन टेबल आणि समोर मांडलेले सहा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारे सुटे भाग, दिसत होते. ‘बॉक्समध्ये काय आहे’ या रकान्यात ‘मशीन, पेडल, अडॅप्टर, अ‍ॅक्सेसरीज’ एवढंच लिहिलं होतं. आलं ते मशीन, पेडल, अडॅप्टर, चार बॉबिन आणि एक सुई. ‘वस्तू कमी आली’ म्हणून बदली मागितली, तर दुसरा बॉक्सही तसाच. आता विक्रेता म्हणतो, ‘फोटो प्रातिनिधिक आहे, टेबल आणि फूट वेगळे घ्या.’ मशीन चांगलं चालतं, परत करायची इच्छा नाही. परतीची मुदत चार दिवसांत संपते. पत्र कसं लिहू?

उत्तर:

पत्राआधी तक्रारीचं कारण बदलून घ्या. ‘वस्तू कमी आली’ आणि ‘आलेला माल फोटोशी जुळत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचा अर्थ असा होतो की संचात टेबल होतं, पण भरणाऱ्याकडून राहून गेलं. अशा तक्रारीवर बाजारपेठेची यंत्रणा आपोआप बदली पाठवते. गोदामातला प्रत्येक बॉक्स सारखाच असल्यामुळे बदलीतही तेच येतं आणि तेवढ्यात परतीची मुदत सरत जाते. तुमचं नेमकं हेच झालं. दुसऱ्या तक्रारीचा अर्थ असा की विक्रेता फोटोत जे दाखवतो ते तो कोणालाच पाठवत नाही. कायद्याचं बळ या दुसऱ्या तक्रारीला आहे. त्यामुळे आजच ‘फोटो किंवा वर्णनाशी जुळत नाही’ या कारणाने नवी नोंद करा. जुन्या तक्रारीखाली उत्तर लिहीत बसू नका, कारण तिथे कारण ‘वस्तू कमी’ हेच राहतं.

दोन्ही बॉक्स सारखे आले, हा तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. त्याला बॉक्सवरच्या छापील लेबलाची जोड द्या. पॅकबंद मालाच्या वैधमापन नियमांप्रमाणे (२०११) एका पॅकेटात एकाहून जास्त वस्तू असतील तर प्रत्येकीचं नाव आणि संख्या बाहेर छापावी लागते. लेबलावर ‘टेबल १, फूट ६’ असेल तर वस्तू खरंच गहाळ झाली आहे. फक्त ‘शिलाई मशीन १ नग’ असेल तर उत्पादकाने टेबल कधी भरलंच नव्हतं आणि फोटो विक्रेत्याने दुसऱ्याच संचाचा लावला. लेबलाचा सरळ, वाचता येईल असा फोटो काढा. पत्रातला सगळ्यात निरुत्तर करणारा कागद बहुधा हाच ठरतो.

दुसरं काम स्क्रीनशॉटचं, आणि तेही पत्र पाठवायच्या आधी. तक्रार पोहोचताच विक्रेता फोटो बदलू शकतो, आणि ‘माझ्या ऑर्डर’मधून वस्तूवर बोट ठेवलं की बहुतेक वेळा आजचं पान उघडतं, तुम्ही खरेदी केली त्या दिवशीचं नाही. पान अजून तसंच असेल तर विक्रेत्याचं नाव, किंमत, फोटो आणि ‘बॉक्समध्ये काय आहे’ हा रकाना एकापाठोपाठ टिपा, फोनवरची तारीख दिसू द्या. पान बदललं असेल तर ऑर्डर झाल्यावर आलेला ईमेल शोधा. त्यात बऱ्याचदा वस्तूचा छोटा फोटो असतो आणि तो पुसणं विक्रेत्याच्या हातात नसतं. इतर ग्राहकांच्या परीक्षणांतही ‘टेबल आलं नाही’ असं कोणी लिहिलं असेल तर तेही टिपून ठेवा.

फोटोतल्या कुठल्या वस्तू मागायच्या, हे जरा कठोरपणे ठरवा. मशीन ज्या लाकडी मेजावर ठेवलं होतं ते कोणी मागत नाही. शेजारची रंगीत रिळं आणि सुईखालचं कापडही मागू नका. अशा वस्तू यादीत घुसवल्या की पत्र वाचणाऱ्याला संपूर्ण मागणी हसण्यावारी नेता येते. एक्स्टेन्शन टेबल मात्र मशीनच्या हाताला बसवलेलं दाखवलं आहे आणि सहा फूट मोजता येतील असे ओळीने मांडले आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुटे भाग असे मांडले की पाहणारा त्याला संचच समजतो. शिवाय मजकुरात ‘अ‍ॅक्सेसरीज’ हा शब्द आहे, पण कोणत्या ते सांगितलेलं नाही. त्या शब्दाचा अर्थ सांगणारी एकच गोष्ट पानावर होती, ती म्हणजे फोटो. विक्रेता म्हणेल की अ‍ॅक्सेसरीज म्हणजे चार बॉबिन आणि सुई. त्याला उत्तर एका वाक्याचं आहे: मग फोटोत बॉबिन दाखवायच्या होत्या.

रकान्यात ‘फक्त मशीन आणि पेडल, बाकी काही नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं तर तुमची बाजू बरीच लंगडी झाली असती. फोटो दिशाभूल करणारा आहे असं तेव्हाही म्हणता आलं असतं, पण ‘तुम्ही वाचलं नाही’ हा शेरा ऐकावा लागला असता.

आता मागणी. तुम्हाला मशीन ठेवायचं आहे, म्हणून सगळ्यात आधी टेबल आणि फूट मागावेत हे बरोबर. पण तुमचा कायदेशीर हक्क कुठे पक्का आहे ते समजून घ्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६(३) सांगतो की माल जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. राहिलेले भाग पाठवलेच पाहिजेत, असं त्या नियमात लिहिलेलं नाही. म्हणजे टेबल मागणं ही विनंती, टेबलाचे पैसे मागणं ही तडजोड आणि पूर्ण परतावा हा हक्क. पत्रात तिन्ही याच क्रमाने यावेत. विक्रेता पहिल्या दोन गोष्टींचा विचार करतो तो तिसरी समोर उभी असते म्हणून. पत्रात कुठेही ‘मशीन मला परत करायचंच नाही’ असं लिहू नका.

रक्कम कशी काढायची? समजा तोच विक्रेता टेबल ८९९ रुपयांना आणि सहा फुटांचा संच ५४९ रुपयांना सुटा विकतो. बेरीज १,४४८. समजा दुसऱ्या ठिकाणी हेच मशीन अ‍ॅक्सेसरीजशिवाय ५,१९९ ला मिळतं, म्हणजे फरक १,३०० चा. मागणी १,४४८ ची करा, कारण फोटोत दाखवलेला संच पुरा करायला तुम्हाला तेवढेच मोजावे लागतील. आकडा विक्रेत्याच्याच पानावरचा असल्याने त्यावर वादही कमी होतो. ५,१९९ च्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र जोडा. तुम्ही दिलेल्या किमतीत मशीनखेरीज आणखी काहीतरी धरलेलं असावं, हे त्यावरून दिसतं. छापील कमाल किमतीवरून हिशेब करू नका, त्या किमतीला हा माल फारसा कोणी विकत नाही.

पहिल्याच पत्रात मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागण्याची पद्धत पडली आहे. मी ते टाळायला सांगतो. ही पत्रं पहिल्यांदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत परतावा मंजूर करता येतो. त्या मर्यादेत बसणारी मागणी पुराव्यासकट आली तर तो निकाल लावून टाकतो. पन्नास हजार दिसले की पत्र कायदा विभागाकडे सरकतं आणि तिथे पडून राहतं. नुकसानभरपाई नंतर ग्राहक आयोगासमोर मागता येते.

पत्र असं लिहा. तारखा आणि क्रमांक तुमचे घाला.

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, (विक्रेत्याचे बिलावरील नाव व पत्ता)
तक्रार निवारण अधिकारी, (बाजारपेठेचे नाव)

विषय: ऑर्डर क्रमांक (…) – फोटोत दाखवलेल्या वस्तू संचात नसल्याबाबत

महोदय/महोदया,

मी दिनांक (…) रोजी आपल्याकडून शिलाई मशीन (मॉडेल …) ६,४९९ रुपयांना खरेदी केले. बिल क्रमांक (…).

विक्रीच्या पानावरील पहिल्या फोटोत मशीनला बसवलेले एक्स्टेन्शन टेबल आणि सहा फूट दाखवले आहेत. ‘बॉक्समध्ये काय आहे’ या रकान्यात ‘मशीन, पेडल, अडॅप्टर, अ‍ॅक्सेसरीज’ असे लिहिले आहे. कोणत्या अ‍ॅक्सेसरीज, हे मजकुरात कुठेही नाही. ते फक्त फोटोवरून कळते. या वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतील, असेही पानावर कुठे लिहिलेले नाही. (जोडपत्र १)

दिनांक (…) रोजी आलेल्या बॉक्समध्ये मशीन, पेडल, अडॅप्टर, चार बॉबिन व एक सुई होती. टेबल व फूट नव्हते. दिनांक (…) रोजी बदली म्हणून आलेल्या दुसऱ्या बॉक्समध्येही तेवढ्याच वस्तू होत्या. बॉक्सवरील लेबलावरही टेबल व फूट यांचा उल्लेख नाही. (जोडपत्र २ व ३) त्यामुळे ही भरणीतील चूक नसून माल फोटोप्रमाणे नाही, अशी माझी तक्रार आहे. ही तक्रार मी परतीच्या मुदतीत करत आहे.

फोटो प्रातिनिधिक असल्याचे उत्तर आपण दिनांक (…) रोजी दिले. तशी सूचना खरेदीच्या वेळी फोटोवर किंवा फोटोजवळ नव्हती.

कृपया दिनांक (…) पर्यंत पुढीलपैकी एक करावे. फोटोत दाखवलेले टेबल व सहा फूट विनामूल्य पाठवावेत. किंवा आपल्याच पानावरील किमतीनुसार त्यांचे १,४४८ रुपये मी ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत करावेत (जोडपत्र ४). किंवा मशीन आपल्या खर्चाने परत नेऊन ६,४९९ रुपये पूर्ण परत करावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६(३) नुसार जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नियम ५(२) नुसार वस्तूचे वर्णन व चित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळतील, अशी हमी बाजारपेठेने विक्रेत्याकडून घेणे बंधनकारक आहे. बाजारपेठेने ती हमी या विक्रेत्याकडून घेतली आहे का, हे कळवावे. तसेच विक्रेत्याचा मुख्य कार्यालयाचा पूर्ण पत्ता व ईमेल मला लेखी द्यावा.

तक्रार मिळाल्याची पोच व तक्रार क्रमांक ४८ तासांत पाठवावा.

आपली,
(नाव, पत्ता, फोन)

पत्र एवढंच. यात राग नाही, ‘फसवणूक’ हा शब्द नाही, सोशल मीडियाची धमकी नाही, आणि ते मुद्दाम तसं आहे. उद्या हेच पत्र जिल्हा आयोगासमोर तुमचा पहिला पुरावा म्हणून वाचलं जाईल आणि तिथे शिव्यांचा उपयोग होत नाही. परीक्षण जरूर लिहा, पण वेगळं, आणि त्यात एवढंच: फोटोत हे होतं, बॉक्समध्ये हे आलं, सोबत दोन्हींचे फोटो.

पत्र दोघांना पाठवायचं कारण असं की विक्रेता आणि बाजारपेठ एकमेकांकडे बोट दाखवतात. फोटो खरे असावेत ही जबाबदारी मुळात विक्रेत्याची. नियम ५(२) बाजारपेठेला फोटोचा हमीदार बनवत नाही, फक्त विक्रेत्याकडून हमी घ्यायला लावतो. तरीही ‘ती हमी घेतली का’ हा प्रश्न लेखी विचारला की पत्र साच्यातल्या उत्तराने बंद करणं अवघड जातं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क बाजारपेठेच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निकाल द्यायचा असतो. पत्रातली तारीख तुम्ही दहा दिवसांची घालू शकता, पण महिना उलटेपर्यंत नियम मोडला असं म्हणता येणार नाही. संपर्क त्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर नंबर’ टाकून मिळालेल्या क्रमांकावर बोलू नका, तिथे परताव्याच्या नावाखाली खातं रिकामं करणारे बसलेले असतात.

विक्रेता परराज्यातला असेल तर पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवलेलं बरं, मांडणी हीच ठेवा.

‘फोटो प्रातिनिधिक आहे’ हे उत्तर पुन्हा येईल, म्हणून त्याचं प्रत्युत्तर तयार ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खुलाशाच्या ओळीबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की ती मूळ दाव्याचा अर्थ उलगडू शकते, पण दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करायला ती वापरता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत संकेतस्थळावरचं सादरीकरणही येतं, त्यामुळे विक्रीच्या पानावरचा फोटो जाहिरातच ठरतो. ‘रंगात थोडा फरक असू शकतो’ हा खुलासा चालेल. टेबल दाखवून ‘टेबल मिळणार नाही’ हा खुलासा नव्हे, माघार आहे. आणि तुमच्या बाबतीत तर तो फोटोजवळ नव्हताच, तक्रारीनंतर ईमेलमध्ये उगवला.

यानंतर बहुतेकदा फोन येतो: ‘मॅडम, तीनशे रुपये वॉलेटमध्ये टाकतो, तक्रार बंद करा.’ फोनवर हो म्हणू नका, प्रस्ताव लेखी मागा. तीनशे घेऊन मिटवायचं असेल तर तो तुमचा निर्णय, पण ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द मान्य केलेत तर पुढची दारं बंद होतात. वॉलेटमधले पैसे त्याच बाजारपेठेत खर्चावे लागतात, हेही ध्यानात घ्या. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. तिथेही मुदत असते आणि बँक पहिल्यांदा हेच विचारते की विक्रेत्याला लेखी कळवलंत का.

महिन्यात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. पण मोठ्या बाजारपेठा तिथून आलेल्या तक्रारी साध्या ईमेलपेक्षा गांभीर्याने घेतात, आणि एवढ्या रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मराठीत तक्रार चालते आणि मुदत दोन वर्षांची आहे. १,४४८ रुपयांसाठी तारखा करायच्या का, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. मी स्वतः अशा रकमेसाठी कोणाला आग्रह करत नाही, पण पत्र मात्र आयोगापुढे जाणारच आहे असं धरून लिहायला लावतो.

या चार दिवसांत मशीनचा वापर थांबवा. चाचणीसाठी टाक्यांच्या एक-दोन ओळी ठीक, पण त्यावर ब्लाउज शिवायला घेतलेत तर ‘वस्तू वापरली’ हे कारण त्यांच्या हाती जातं. बॉक्स, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं ठेवा.

परतीची वेळ आलीच तर शेवटची अडचण दारात उभी राहते. सामान न्यायला आलेला मुलगा त्याच्या फोनवर वस्तूचा फोटो उघडून तपासतो. तो फोटो तोच, टेबलवाला. तो म्हणतो, ‘यातलं टेबल आणि फूट कुठे आहेत? त्याशिवाय घेता येणार नाही.’ मग नोंद होते ‘ग्राहकाने अपूर्ण वस्तू दिली’ आणि परतावा अडतो. म्हणून नेण्याची तारीख मिळताच तक्रार क्रमांकाखाली लिहून ठेवा की संचात टेबल व फूट आलेच नव्हते, त्यांच्याविना माल स्वीकारावा. पत्राची छापील प्रत आणि बॉक्सच्या लेबलाचा फोटो हाताशी ठेवा. बॉक्स भरतानाचा व्हिडिओ सलग काढा, त्यात प्रत्येक वस्तू आणि शेवटी चिकटवलेलं लेबल दिसू द्या. त्याने नकार दिलाच तर नकाराचं कारण त्याच्या फोनवर काय नोंदलं त्याचा फोटो घ्या आणि त्याच दिवशी दोन्ही तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पाठवा. फोटोमुळे माल पाठवणाऱ्यांचाच माणूस टेबलाला संचाचा भाग समजतो, हे सांगणारा तो कागद तुमच्या जोडपत्रांत पाचवा होईल.